गॅलरीचा कठडा उंच करायचा आहे : जाळी की काच, आणि पॅरापिटला पक्की कशी बसवायची?

ईराची_आई

आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. इमारत तीसेक वर्षांपूर्वीची. हॉलच्या गॅलरीला दोन फुटांचा विटांचा पॅरापिट आहे आणि त्यावर सव्वा फुटाचं लोखंडी रेलिंग. रेलिंगमध्ये तीन आडवे पाइप, दोन पाइपांमधली फट पाच इंच. टेपने मोजलं तर एकूण उंची ३९ इंच भरते.

लेक अडीच वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात मी कपडे वाळत घालत होते. मागे वळले तर ती मोढ्यावरून पॅरापिटवर गुडघा टेकवून चढत होती. तिला खाली घेतलं आणि त्या दिवसापासून गॅलरीच्या दाराला कुलूप आहे.

फॅब्रिकेटर येऊन गेला. तो म्हणतो, जुनं रेलिंग कापून त्याच जागी पॅरापिटच्या डोक्यावर नवीन लावू, जमिनीपासून चार फूट उंच होईल. आत जाळी लावायची की १२ एमएमची टफन काच, ते तुम्ही ठरवा. मिस्टरांना काच हवी आहे, मला जाळी. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. जुन्या रेलिंगचा एक पाय हाताने हलतो. नवीन तिथेच बसवलं तर ते तरी टिकेल का?

कर्वेनगरी

आम्ही कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावली आहे, दोन तासांत माणूस लावून गेला. एकही कबूतर येत नाही. तीच लावा, स्वस्तात काम होईल.

ईराची_आई

कबुतरांचा त्रास आम्हालाही आहे, पण इथे प्रश्न मुलीचा आहे. तिने अंग टाकलं तर ती जाळी धरेल का?

रानजाई

नाही धरणार. ती जाळी भिंतीत ठोकलेल्या छोट्या हुकांना दोरीने ओवलेली असते. उन्हाने दोनतीन वर्षांत धागा कडक होतो आणि बोटाने ओढला तरी तुटतो. आमच्याकडे मांजरीने नखांनी भोक पाडलं होतं.

तुम्ही इन्व्हिजिबल ग्रील बघा. स्टीलच्या बारीक तारा, वर प्लॅस्टिकचं आवरण, लांबून दिसतही नाहीत. आमच्या वाकडच्या फ्लॅटला आहे. तीन तीन इंचांवर तारा आहेत, मूल जाणं शक्यच नाही.

ओळंबा

ईराची_आई, तुमच्या कठड्याची उंची ३९ इंच नाही. ती पंधरा इंच आहे.

रागावू नका. राष्ट्रीय इमारत संहितेत कठडा किमान १ मीटर सांगितलाय, तुमचा जवळपास तेवढा भरतो, म्हणून कागदावर कोणी चूक काढणार नाही. पण मूल जिथे उभं राहू शकतं तिथून उंची मोजायची असते. पॅरापिटचा माथा सहा इंच रुंद असणार, प्लास्टर धरून. तो मुलासाठी ओटा आहे. त्यावर ती पोचली की पुढे फक्त तुमचं सव्वा फुटाचं रेलिंग, तेही आडव्या पाइपांचं, म्हणजे तयार शिडी. अडीच वर्षांच्या मुलीच्या कमरेच्या आसपास येईल एवढंच.

आता फॅब्रिकेटरचं चार फूट घ्या. पॅरापिटचा माथा तसाच राहिला, तर ओट्यापासून उंची दोन फूट. ईरा चार वर्षांची झाली की तेही अपुरं.

म्हणून नवीन जे काही लावाल ते पॅरापिटच्या डोक्यावर लावू नका. आतल्या अंगाने, जमिनीपासून वर न्या. मग तो ओटा जाळीच्या पलीकडे जातो आणि पाय ठेवायला राहतच नाही. जाळी की काच हे नंतर बघू.

मी स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे.

ईराची_आई

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता जाऊन मोजलं, माथा सव्वासहा इंच आहे. ती सहज उभी राहू शकते.

धायरीकर

ओळंबा काकांशी सहमत. फक्त जाळीची खालची कड अर्ध्या उंचीवर सोडू नका. आमच्याकडे सामान वाचवायला फॅब्रिकेटरने जाळी दीड फुटापासून सुरू केली. त्या फ्रेमच्या खालच्या पाइपावर पोरगा पाय देऊन उभा राहायला लागला. शेवटी खाली तुकडा जोडावा लागला.

फिटिंगचं सांगायचं तर घाबरू नका, रावळ बोल्ट मारले की विषय संपला. १० एमएमचे मारा, हत्ती धरतात.

ओळंबा

खालच्या कडेचं अगदी बरोबर. जमिनीपासून दोन इंच सोडा, फरशीचं पाणी जाण्यापुरतं. ऑस्ट्रेलियात जमिनीपासून १५० ते ७६० मिलिमीटरच्या पट्ट्यात पाय ठेवायला काहीही चालत नाही, आणि तो नियम मला पटतो.

बोल्टचं मात्र तसं नाही. रावळ बोल्ट भोकात फुगतो आणि चहूबाजूंनी दाबून धरतो. काँक्रीटमध्ये हे उत्तम. पण तुमचा पॅरापिट साडेचार इंची विटेचा. त्याच्या डोक्यावरून मधोमध भोक पाडलं तर दोन्ही बाजूंना जेमतेम दोन सव्वादोन इंच वीट उरते. बोल्ट आवळताना नाही फुटली तरी पुढे कोणी रेलिंगला टेकल्यावर फुटते. जुन्या रेलिंगचा पाय हलतोय त्याचं कारण हेच असेल, किंवा पाय आत गंजून फुगला असेल. गंज असेल तर पायाशी माथ्याच्या प्लास्टरला लांबट तडा दिसतो आणि तपकिरी ओघळ येतो. बघून सांगा.

आता हिशेब मांडतो, कारण याशिवाय पटत नाही. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात कठड्यावर आडवा जोर किती धरायचा ते दिलंय. खाजगी घराला मीटरमागे ३५ किलो चालतो, गर्दीच्या जागा सोडून इतर ठिकाणी ७५. मी घरालाही ७५ धरतो, कारण गणपतीची मिरवणूक बघायला चार माणसं एकदम टेकतात. खांब चार फुटांवर असले तर एका खांबाच्या वाट्याला ९० किलो. हा जोर पॅरापिटच्या माथ्यापासून दोन फूट उंचीवर लागतो. खांबाच्या पायाखालची बेस प्लेट जेमतेम तीन इंची, त्यात बोल्टला मिळणारा टेकू पाच सेंटिमीटरचा. साठ सेंटिमीटर भागिले पाच म्हणजे बारा पट. ९० किलो बाहेर ढकलले की आतल्या दोन बोल्टांवर मिळून हजार किलोंच्या वर ओढ येते. विटेत हे धरणं शक्य नाही, बोल्ट कितीही जाड घ्या.

ईराची_आई

पाहिलं. हलणाऱ्या पायाशी लांब तडा आहे आणि खाली तपकिरी डाग आहे. मी तो इतके दिवस पानाच्या पिचकारीचा समजत होते.

पण काका, आतल्या अंगाने लावलं तरी बोल्ट त्याच विटेच्या भिंतीत जाणार ना?

ओळंबा

हाच प्रश्न मला हवा होता.

आतून लावल्यावर खांबाचा पाय खालपर्यंत येतो. वर ढकललं की खांब पॅरापिटच्या कडेवर टेकतो आणि पाय आत यायला बघतो. खालचा बोल्ट माथ्यापासून ४५ सेंटिमीटर खाली असेल तर त्यावरची ओढ ९० गुणिले ६० भागिले ४५, म्हणजे १२० किलो. हजाराच्या जागी १२०. दोन बोल्टांत वाटली की साठ साठ. एवढी विटेत केमिकल अँकर, म्हणजे भोकात रासायनिक मसाला भरून चिकटवलेला बोल्ट, धरतो, भोक स्वच्छ केलं असेल तर.

पण इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. बोल्ट धरेल, पण तो सगळा जोर शेवटी पॅरापिटलाच बाहेर लोटतो. विटेच्या भिंतीत सळई नसते. ती स्लॅबवर नुसती रचलेली असते आणि तळाशी आडवी चीर पडून अख्खी कलंडू शकते. म्हणून जोर पॅरापिटला द्यायचाच नाही. गॅलरीच्या दोन्ही बाजूंना आरसीसी कॉलम आहेत का ते बघा. असतील तर वरच्या कडेला ६० बाय ४० चा जाड पाइप एका कॉलमपासून दुसऱ्यापर्यंत आडवा टाका, साठची बाजू आडवी ठेवून. तुमची गॅलरी किती लांब?

ईराची_आई

आतून आतून दहा फूट. दोन्ही बाजूंना भिंत आहे. कॉलम की वीट, ते वरून कळत नाही.

ओळंबा

कोपऱ्यात एक बारीक भोक पाडा आणि खाली कागद धरा. पहिली पाऊण इंच राखाडी भुकटी प्लास्टरची, ती सोडून द्या. त्यानंतर तांबडी आली तर वीट, पांढरी आणि पिठासारखी आली तर सिपोरेक्सचा हलका ब्लॉक. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल कुरकुरायला लागलं तर काँक्रीट.

काँक्रीट असेल तर दहा फुटांवर ७५ प्रमाणे एकूण सव्वादोनशे किलो, प्रत्येक टोकाला ११५ च्या आसपास. तेही बोल्टला उपटणारे नाहीत, आडवे कापणारे. काँक्रीटमधल्या दोन दहा एमएमच्या बोल्टांना हे काहीच नाही. धायरीकरांचा रावळ बोल्ट इथे खुशाल वापरा, फक्त कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून चार इंच आत ठेवा.

निशिगंध

आमची गॅलरी बाहेर आलेली आहे, तीन बाजूंनी उघडी. कॉलम फक्त मागे. मग काय करायचं? सिंहगड रोडला सातव्या मजल्यावर आहोत, वाराही जोराचा असतो.

ओळंबा

निशिगंधताई, तिथे दोन्ही कोपऱ्यांत रेलिंग काटकोनात वळून मागच्या कॉलमला बांधता येतं, त्याने बरीच मदत होते. पण समोरची बाजू लांब असेल तर मधले खांब स्लॅबलाच धरावे लागतील. स्लॅबला भोक म्हणजे वॉटरप्रूफिंगला भोक. इथे बसून मी तुम्हाला मारा किंवा मारू नका असं सांगणार नाही. तुमच्या स्लॅबची जाडी आणि सळई कुठे आहे ते बघून कोणीतरी प्रत्यक्ष सांगितलं पाहिजे.

सचिव_कोथरूड

मी एका सोसायटीचा सचिव आहे. स्लॅबमध्ये भोकं पाडून रेलिंग लावलेल्या एका घराखाली आमच्याकडे दोन पावसाळे ठिबकतंय. वरचे म्हणतात आमच्यामुळे नाही. तेव्हा निशिगंध, खालच्या मजल्यावर आधी बोलून घ्या.

परवानगीचं सांगतो. पूर्ण उंचीची काच किंवा ग्रील म्हणजे गॅलरी बंद करणं, त्याचे वेगळे प्रश्न येतात. आग लागली तर तिथून माणूस बाहेर काढता येत नाही, हा त्यातला मोठा. साडेचार फुटांपर्यंत असेल आणि वर उघडं असेल तर आम्ही अर्ज आला की मंजूर करतो. आतल्या अंगाने लावलं तर बाहेरून इमारतीचं रूपही बदलत नाही. तरी कमिटीला लेखी द्या.

सुधाआजी

मला एक कळत नाही. दाराला वर कडी लावली की झालं, एवढा खटाटोप कशासाठी? आमची तीन मुलं याच कडीवर वाढली.

ईराची_आई

आजी, कडी आहेच. पण त्या दिवशी दार मीच उघडलं होतं, कपड्यांसाठी. मी दोन फुटांवर उभी होते आणि पाठ फिरली होती.

सुधाआजी

हो ग, खरं आहे. आमच्या वाड्याला गॅलरी तळमजल्यापासून सात फुटांवर होती, तुझ्यासारखी चार मजल्यांवर नव्हती. मोढा आधी तिथून काढ.

रानजाई

काका, मी काल आमच्या ग्रीलच्या तारा टेपने मोजल्या. तीन इंचच आहेत. पण मधोमध दोन तारा हाताने फाकवल्या तर पाच इंचांच्या वर फट होते. लावल्या तेव्हा असं नव्हतं. आता काय समजायचं?

ओळंबा

तार लांब आणि मध्ये आधार नसेल तर हे होतं. टोकाशी ताण कमी झाला की मध्यभागी ती बाजूला सरते. फट तार मोकळी असताना मोजायची नसते, हाताने जोर लावून मोजायची असते. चार इंचांचा, म्हणजे १०० मिलिमीटरचा चेंडू ढकलून गेला नाही तर ठीक. पाच इंचांतून लहान मुलाचं धड सरकतं आणि डोकं अडकतं, ते पडण्याइतकंच वाईट. लावणाऱ्याला बोलवून ताण पुन्हा द्यायला सांगा आणि दर तीन फुटांवर एक उभी पट्टी मागा, जिच्यातून प्रत्येक तार ओवलेली असेल. तुमच्या तारा आडव्या आहेत का?

रानजाई

आडव्या.

ओळंबा

मग फट बंद झाली तरी ती शिडीच आहे. उभ्या तारांत हा प्रश्न येत नाही.

धायरीकर

काचेचं कोणी बोललंच नाही. १२ एमएम टफन म्हणजे हातोड्यानेही फुटत नाही, वर पाय ठेवायला काही नाही. मला तर तीच सगळ्यांत सुरक्षित वाटते.

ओळंबा

पाय ठेवायला काही नाही, हे शंभर टक्के खरं आणि त्या बाबतीत काच जाळीपेक्षा सरस. पण नुसती टफन काच फुटली की अख्खी फुटते. क्षणात तिचे खडे होतात, ते खाली सांडतात आणि समोर रिकामी चौकट उरते. कडेला लोखंडाचा टोचा लागला तरी फुटते. कधी कधी काचेतच राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे काही न लागता फुटते, लावून वर्ष झाल्यावरही. काच घ्यायचीच तर टफन लॅमिनेटेड घ्या. दोन सहा एमएमच्या काचा आणि मध्ये दीड एमएमची फिल्म. एक फुटली तरी तुकडे फिल्मला चिकटून जागेवर राहतात. काच चारही बाजूंनी चौकटीत, रबराच्या गादीवर बसवा, धातूला कुठेच टेकू देऊ नका. आणि माप आधी पक्कं करा, कारण टफन झालेली काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही.

वजनही धरा. काच मिलिमीटरमागे चौरस मीटरला अडीच किलो भरते. ईराच्या गॅलरीला दहा फूट बाय साडेचार फूट लावली तर सव्वाशे किलो होतील, आणि वारा सगळा तिच्यावर येणार. जाळीतून वारा निघून जातो. तुमच्या जुन्या पॅरापिटकडे बघता मी जाळीच घेईन.

ईराची_आई

जाळी कोणती घेऊ? फॅब्रिकेटरने दोन इंची चौकटीची दाखवली आहे.

ओळंबा

दोन इंची नको, तिच्यात मुलाचा पाय जातो आणि ती चढते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, तिच्यात अंगठाही रुतत नाही. जाळी फ्रेमला ठिकठिकाणी टाके मारून सोडतात, ते टाके एकेक करून सुटतात. चारही कडांवरून लोखंडी पट्टी बसवून बोल्टने आवळायला सांगा, तारांची टोकं पट्टीखाली गेली पाहिजेत. काळा रंग द्या. पांढरी जाळी नजरेत भरते, काळीतून बाहेरचं दिसतं.

ईराची_आई (पाच आठवड्यांनंतर)

काम झालं, म्हणून लिहिते.

डावीकडे भुकटी राखाडी आली, दोन इंच आत गेल्यावरही. उजवीकडे तांबडी. मग फॅब्रिकेटर आणखी पाच इंच आतल्या बाजूला सरकला तेव्हा कॉलम लागला. वरच्या पाइपाचं उजवं टोक तेवढं आत घेऊन कॉलमवर बसवलं, त्यामुळे सगळी चौकट किंचित तिरकी आली आहे. बघणाऱ्याला कळत नाही, पण उजव्या टोकाला जाळी आणि पॅरापिट यांत सहा इंचांची जागा राहिली. तिथे बाजूने हात घालता येऊ नये म्हणून वर आणि बाजूला जाळीचाच उभा तुकडा लावला.

मध्ये दोन खांब, ४० बाय ४० चे. तो १६ गेजचा पाइप घेऊन आला होता, मी परत पाठवला आणि अडीच एमएमचा आणायला लावला. प्रत्येक खांबाच्या पायाला दोन केमिकल अँकर, फरशीपासून सहा इंच वर. भोकं पाडून तो लगेच मसाला भरायला निघाला होता. मी थांबवलं. ब्रशने घासून आणि पंपाने हवा मारून तांबडी भुकटी यायची थांबली तेव्हा भरू दिला. पाकिटावर लिहिलेली वेळ होईपर्यंत नट आवळायचा नाही, यावर जरा वाद झाला.

जुनं रेलिंग कापल्यावर हलणारा पाय हातातच आला. आत बोटभर सळई उरली होती, बाकी गंज. माथ्यावरची भोकं साफ करून ग्राउट भरलं.

एकूण उंची साडेचार फूट, खर्च साडेएकवीस हजार. मिस्टरांनी खांद्याने ढकलून पाहिलं. वरचा पाइप मध्ये थोडा वाकतो आणि परत येतो, पण खांबांच्या पायाशी पेन्सिलने केलेली खूण हलली नाही.

ओळंबा

मध्ये वाकून परत येणं चालतं, पाय हलणं चालत नाही. पावसाळ्यानंतर तीच खूण पुन्हा बघा. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो, गंज पहिल्यांदा तिथेच दिसेल. तिथे झिंकचा रंग लावलाय का?

ईराची_आई

नाही, नुसता काळा ऑइलपेंट. उद्या बोलावते त्याला.

आणि एक राहिलंय. स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत पाण्याचे पाइप आणि भिंत यांमध्ये सात इंचांची उभी फट आहे. प्लंबरला तिथे हात घालावा लागतो, म्हणून कायमची बंद करता येत नाही. कोणी काढता येईल असं पण मुलाला उघडता न येणारं काही केलंय का?

सचिव_कोथरूड

आमच्याकडे एकाने बिजागरीवर जाळीची झडप करून वर कुलूप लावलंय. किल्ली कुठे ठेवली ते कोणालाच आठवत नव्हतं, त्या दिवशी पाइप फुटला. दुसरं काही सुचत असेल तर मलाही हवं आहे.